घुमट आरती यूट्यूबवर चढवताना: शब्द, प्रसंग आणि लोक शोधतात ती स्पेलिंगं

गोव्यात चवथीला आरत्या म्हणतात त्या मराठी. घरात कोंकणी बोलणारी मंडळीही गणपतीपुढे उभी राहिली की ‘सुखकर्ता’च सुरू करतात. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकताना नेमका इथेच गुंता होतो. गाणं मराठीतलं, वाजवणं गोव्याचं, आणि शोधणारा माणूस फोनवर इंग्रजी अक्षरांत काहीतरी टाइप करतो. त्याच्या मनातलं स्पेलिंग आणि आपण लिहिलेलं स्पेलिंग जुळलं नाही, तर कितीही चांगलं घुमट वाजलं असलं तरी व्हिडिओ तळाशीच पडून राहतो. आरती पथकांची रेकॉर्डिंगं चढवताना आम्ही कोणत्या क्रमाने काम करतो ते इथे एकाच आरतीवर दाखवतो. आरती रामदासांची ‘सुखकर्ता दुःखहर्ता’, साथीला घुमट आणि शामेळ ही चामडं ताणलेली वाद्यं आणि कांसाळे म्हणजे झांजा.

पहिलं काम व्हिडिओला हात न लावता करायचं, ते म्हणजे शब्दांचा मजकूर तयार करणं. बहुतेक जण कुठूनतरी उचलून चिकटवतात आणि तिथेच घात होतो. या आरतीच्या शब्दांतल्या काही चुका इतक्या रुळल्यात की नेटवरच्या चारांतल्या तीन पानांवर त्या सापडल्या तरी नवल वाटू नये. ‘सर्वांगी सुंदर उटी शेंदुराची’मध्ये ‘ओटी’ होते. दुसऱ्या कडव्यात ‘चंदनाची उटी’ स्वच्छ आहे, तेव्हा पहिल्यातही उटीच हवी, एवढं ताडून पाहिलं तरी पुरतं. ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ होतं, ‘वाट पाहे सदना’चं ‘सजणा’ होतं, आणि ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’. शेवटची चूक सगळ्यांत चिवट, कारण संकष्टी चतुर्थी डोक्यात पक्की बसलेली असते.

गायकांनी रेकॉर्डिंगमध्येच ‘संकष्टी’ म्हटलं असेल तर काय? आमचा नियम असा की वर्णनात शुद्ध पाठ द्यायचा आणि सबटायटलमध्ये गायलंय तेच ठेवायचं. वर्णन वाचणारा माणूस शब्द पाठ करायला आलेला असतो, सबटायटल वाचणारा कानाबरोबर डोळे चालवत असतो. दोघांना एकच मजकूर दिला की एकाची तरी फसगत होते.

मजकुराची दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. गावच्या मंडळाच्या आरती पुस्तिकेची जुनी फाइल कुणीतरी पाठवतं. ती युनिकोडपूर्व डीटीपी फाँटमधली असते. छपाईत सुंदर दिसते, पण यूट्यूबच्या रकान्यात चिकटवली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटतो. असा मजकूर सरळ नव्याने टाइप करावा. रूपांतर करून घेतला तर जोडाक्षरं आणि रफार एकेक करून तपासावेच लागतात. ‘कर्ता’, ‘हर्ता’, ‘मूर्ती’ आणि ‘विघ्नाची’ हे चार शब्द आधी बघावेत, बिघाड असेल तर तो बहुधा तिथेच दिसतो.

आणि विसर्ग. ‘दुःख’ लिहिताना निम्मे लोक विसर्गाऐवजी कोलन टाकतात. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ‘दुःख’ हा अखंड शब्द आहे, तर कोलन घातलेला ‘दु:ख’ म्हणजे ‘दु’, मग विरामचिन्ह, मग ‘ख’. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून वजाची कळ दाबली की खरा विसर्ग येतो. तयार मजकुरात शोधा-बदलाच्या चौकटीत कोलन टाकून बघावा. आरतीत कोलनला काही कामच नाही, तेव्हा एक जरी सापडला तरी तो चुकीचा. तसंच दंडाचं. ओळीच्या शेवटी कळफलकावरची उभी रेघ न टाकता देवनागरी दंड (।) टाकावा.

आता शीर्षक. यूट्यूब शीर्षकाला 100 अक्षरं देतं, पण देवनागरीत ती भराभर संपतात, कारण मात्रा, रफाराचा हलन्त, विसर्ग हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘सुखकर्ता’ डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द, मोजणीत आठ. ‘दुःखहर्ता’ मोजणीत नऊ. हे लक्षात ठेवून आम्ही असं लिहितो:

```
सुखकर्ता दुःखहर्ता | घुमट आरती | Sukhkarta Dukhharta Ghumat Aarti Goa
```

यात 69 अक्षरं लागतात. आणखी 31 उरतात म्हणून ती भरायलाच हवीत असं नाही. फोनवर यादीत शीर्षक मध्येच तुटतं, तेव्हा पहिल्या तीस-पस्तीस अक्षरांत आरतीचं नाव आणि ‘घुमट आरती’ हे दोन्ही येणं महत्त्वाचं. गायकांची नावं, पथकाचं नाव, गाव हे सगळं वर्णनात. पथकाच्या लोकांना हे आवडत नाही, त्यांना आपलं नाव आधी हवं असतं. पण त्यांचं नाव माहीत असलेला माणूस त्यांच्या चॅनेलवर थेट पोचतोच. शोधून येणारा येतो तो आरतीच्या किंवा घुमटाच्या नावाने.

‘घुमट’ शब्द इतक्या पुढे का, तर नुसत्या ‘सुखकर्ता दुखहर्ता’वर वर यायची आशाच धरू नये. तिथे मोठमोठ्या कंपन्यांच्या जुन्या रेकॉर्ड बसल्यात. ‘घुमट आरती’ शोधणारा मात्र नेमका आपलाच श्रोता असतो. सरकारने 2019 साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवल्यापासून शाळकरी मुलं आणि गोव्याबाहेरचे लोकही हा शब्द टाकून बघतात. शीर्षकात साल मात्र घालू नये. ‘2025’ लिहिलेला व्हिडिओ पुढच्या चवथीला शिळा वाटतो. साल बदलत राहिलं तर तो दरवर्षीचा उद्योग होतो, आणि रेकॉर्डिंग जुनंच असताना नवं साल लिहिणं म्हणजे लोकांना फसवणं.

स्पेलिंगांचा भाग आम्ही सगळ्यांत निवांत बसून करतो. मनाला येतील तशी रूपं लिहीत गेलं तर यादी संपत नाही आणि नेमकी हवी तीच राहून जातात. त्यापेक्षा शब्द कुठे कुठे फुटू शकतो ते ठरवावं. रोमन लिपीत मराठी लिहिताना फाटे फुटायच्या जागा मोजक्याच आहेत.

एक जागा मधल्या ‘अ’ची. कुणी sukhkarta लिहितो, कुणी sukhakarta. दुसरी ह जोडलेल्या अक्षराची. ‘दुःखहर्ता’त kh आणि h लागोपाठ येतात, म्हणून dukhharta लिहिताना एक h गळतो आणि dukharta होतं. तिसरी दीर्घ आ-ची, आणि ‘आरती’ एकट्यानेच इथे चार रूपं घेते: aarti, arti, arati, aarati. चौथी शब्द तोडण्याची. हिंदीच्या सवयीचे लोक sukh karta dukh harta असे चार शब्द करतात, आणि गोव्यात राहणाऱ्या उत्तरेकडच्या लोकांमुळे हे रूप इथेही पुष्कळ दिसतं.

पाचवी जागा खास गोव्याची. रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचत-लिहीत वाढलेला माणूस ‘अ’ला o लिहितो. त्यामुळे घुमट ghumot होतं आणि चवथ chovoth किंवा chavoth. हिंदू घरांतले तरुण हे रूप क्वचितच लिहितात, पण घुमट हे ख्रिश्चन घरांतही मांडो गाण्यांच्या साथीला वाजणारं वाद्य आहे, आणि तिथला श्रोता ghumot असंच टाइप करतो. पोर्तुगीज वळणाचा x हीसुद्धा इथलीच गोष्ट. ‘श’साठी x लिहिण्याची पद्धत देवळांच्या आणि गावांच्या नावांत अजून जिवंत आहे. या आरतीत तिचं काम पडत नाही, पण शांतादुर्गेची आरती चढवताना Xantadurga हे रूप टॅगमध्ये घ्यावं लागतं. तिच्या गावाचं नावही तसंच, कवळे हे Kavlem, Kavle आणि जुन्या कागदांतलं Queula.

या पाच जागांच्या सगळ्या जोड्या लावल्या तर शंभराच्या वर रूपं होतील. तेवढी नको असतात. aarti आणि arti मधला फरक यूट्यूबचा शोध बहुतेक वेळा स्वतःच सांभाळून घेतो. त्याला न झेपणारा फरक म्हणजे शब्द तुटण्याचा, लिपीचा आणि रोमी वळणाचा. म्हणून टॅगमध्ये त्याच तीन प्रकारांना जागा द्यायची. टॅगचा रकाना एकूण 500 अक्षरांचा असतो, त्यात स्वल्पविरामही धरले जातात. रकान्याच्या खाली आकडा चालत असतो, तो पाहत जावं. आमची यादी साधारण अशी होते:

```
सुखकर्ता दुखहर्ता, सुखकर्ता दुःखहर्ता, घुमट आरती,
sukhakarta dukhaharta, sukh karta dukh harta,
ghumat arti, ghumot, ghumot aarti,
chavath aarti, chovoth, chaturthi aarti goa,
jai dev jai dev jai mangal murti
```

शीर्षकात ‘दुःखहर्ता’ विसर्गासकट आहे म्हणून टॅगमध्ये विसर्गाशिवाय ‘दुखहर्ता’ आलं. बहुतेक लोक तसंच टाइप करतात. शेवटचा टॅग ध्रुपदाचा. पहिली ओळ न आठवणारा माणूस ‘जय देव जय देव’ टाकून शोधतो. ते इतर आरत्यांतही असल्यामुळे ‘मंगलमूर्ती’पर्यंत लिहिलं तरच उपयोगाचं.

टॅगकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नयेत. यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात टॅगचा वाटा थोडा, मुख्य उपयोग चुकीच्या स्पेलिंगांसाठी. म्हणजे आपल्याला हवं तेच काम. हीच यादी उचलून वर्णनाच्या तळाशी चिकटवायचा मोह मात्र टाळावा. वर्णनात टॅगांची रास ओतणं त्यांच्या नियमांत बसत नाही आणि व्हिडिओ काढला जाऊ शकतो. दुसऱ्या प्रसिद्ध गायकांची नावं टॅगमध्ये घालणं हाही तसलाच प्रकार, दिशाभूल म्हणून धरला जातो. वर्णनात पर्यायी रूप आणायचंच असेल तर ते वाक्यात यावं.

वर्णनाला 5000 अक्षरं मिळतात, पण ‘आणखी’ दाबण्यापूर्वी दिसतात त्या पहिल्या दोनच ओळी. त्यांत काय, कोणत्या साथीत आणि कोणत्या प्रसंगी, एवढंच सांगायचं. पहिला परिच्छेद असा:

```
श्रीगणपतीची आरती, गोव्याच्या घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांच्या साथीत.
चवथीच्या दिवसांत (Chavath, Ganesh Chaturthi) घरी व मंडपात म्हटली जाते.
Ghumat (ghumot) aarti from Goa, sung in Marathi, with full lyrics below.
```

तिसऱ्या ओळीत कंसात ghumot आलं, पण ते वाचणाऱ्याला खटकत नाही आणि यंत्रालाही वाचता येतं. sung in Marathi हे शब्दही मुद्दाम. गोवा आणि घुमट पाहिलं की बाहेरचा माणूस गाणं कोंकणी असेल असं गृहीत धरतो.

प्रसंगाबद्दल थोडं थांबायला हवं, कारण इथे लोक एकतर अती करतात किंवा काहीच करत नाहीत. अती म्हणजे दिवाळी, दसरा, शिगमो, सत्यनारायण, सगळं लिहून मोकळं होणं. गणपतीची आरती कुठल्याही पूजेत म्हणतात हे खरं, पण शिगम्याला कुणी ती शोधत नाही. शिगमो शोधून आलेला माणूस दहा सेकंदांत निघून जातो, आणि असे निघून जाणारे वाढले की व्हिडिओ दाखवलाच जात नाही. आम्ही तीनच प्रसंग लिहितो. पहिला भाद्रपदातली चवथ, ‘चवथ’ आणि ‘गणेश चतुर्थी’ अशा दोन्ही नावांनी, कारण गोव्यातला माणूस पहिलं शोधतो आणि मुंबई-पुण्याचा दुसरं. दुसरा माघी गणेश जयंती. तिसरा संकष्टी. ती दर महिन्याला येते, त्यामुळे चवथ संपल्यावरही व्हिडिओकडे थोडी ये-जा राहते.

विसर्जनाचा उल्लेख मात्र जपून करावा. गोव्यात गणपती दीड दिवसाचा असतो, पाच, सात, नऊ, अकरा, कुठे एकवीस दिवसांचाही. त्यामुळे ‘अनंत चतुर्दशी स्पेशल’ असं लिहिलं की दीड दिवसवाले आपोआप बाहेर पडतात. विसर्जनावेळची आरती वेगळी रेकॉर्ड केलेली असेल तरच तो शब्द घालावा.

वेळेचंही थोडं आहे. चतुर्थीची तारीख दरवर्षी सरकते, 2024 साली 7 सप्टेंबर होती आणि 2025 साली 27 ऑगस्ट. आम्ही व्हिडिओ दोन-तीन आठवडे आधी चढवतो. पथकं मात्र आदल्या रात्री फाइल देतात. त्या वेळी शोध तर भरपूर असतो, पण नव्या व्हिडिओला यंत्राने ओळखायच्या आत दीड दिवसाचे गणपती पाण्यात गेलेले असतात.

वर्णनाच्या पुढच्या भागात पूर्ण शब्द. तीन कडवी आणि ध्रुपद मिळून देवनागरीत हजाराच्या आतच बसतात, म्हणून कंजुषी करायचं कारण नाही. ध्रुपद एकदाच लिहायचं. घुमट आरतीत एकेक ओळ तीन-चारदा घोळवतात, तसं लिहिलं तर वाचणारा हरवतो. खाली रोमन लिपीतही पूर्ण आरती द्यावी. गोव्यातल्या इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुलांना तीच लागते, आणि Darshan matre man kamana purti यासारखी मधलीच ओळ टाकून शोधणारेही तिथेच सापडतात. ‘कामना पुरती’ की ‘पूर्ती’ हा वाद इथे मिटवायला जाऊ नये. रोमनमध्ये दोन्ही purti असंच दिसतं, ही त्यातल्या त्यात सोय.

शब्दांनंतर श्रेय. गीत समर्थ रामदास, आणि ‘दास रामाचा’ ही मुद्रा तिसऱ्या कडव्यात आहेच. चाल पारंपरिक. गायक, घुमट, शामेळ, कांसाळे, हार्मोनियम, रेकॉर्डिंग, प्रत्येकाची वेगळी ओळ. गीत जुनं, म्हणून हक्काचा प्रश्न नाही, पण चालीच्या सुरुवातीला एखाद्या गाजलेल्या रेकॉर्डचे वाद्यमेळाचे तुकडे जसेच्या तसे वाजवले असतील तर ते पारंपरिक नव्हेत. हार्मोनियमवाले हे सहज करतात. अशा जागी कॉपीराइटचा दावा येतो तो रास्तच. सगळं आपलंच असताना दावा आला तर हरकत नोंदवावी. दावा करणाऱ्याला उत्तराला 30 दिवस असतात, आणि चवथीच्या तोंडावर 30 दिवस म्हणजे अख्खा हंगाम. लवकर चढवायचं हे आणखी एक कारण.

सबटायटलची फाइल `.srt` असते. साध्या नोटपॅडमध्ये होते:

```
1
00:00:18,400 --> 00:00:24,900
सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता विघ्नाची ।
```

सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, पूर्णविराम नाही. फाइल जतन करताना UTF-8 निवडावं, नाहीतर उघडल्यावर सगळी आरती प्रश्नचिन्हांची झालेली दिसते. कडव्यांच्या मधे नुसतं घुमट आणि शामेळ चालतं तिथे काहीच लिहू नये. मागची ओळ पडद्यावर लटकत ठेवली की लोकांना वाटतं आवाज गेला.

मग यूट्यूब स्टुडिओतल्या ‘आणखी दाखवा’खालच्या निवडी. Video language मराठी, शीर्षक-वर्णनाची भाषाही मराठी, Category मध्ये Music. पथकात लहान मुलं गात असली तरी ‘मुलांसाठी बनवलेलं’ ही निवड करू नये. ती खूण लागली की टिप्पण्या बंद होतात, आणि गावचे लोक नेमके तिथेच भेटतात. हा व्हिडिओ मुलांनी म्हटलेला आहे, खास मुलांनी पाहावा म्हणून केलेला नाही.

आठवडाभराने स्टुडिओत Analytics मधून वाहतुकीच्या स्रोतांत YouTube search उघडावं. कोणते शब्द टाकून लोक आले ते तिथे ओळीने दिसतं. एकदा यादीत ghumat aarti वर असेल आणि sukhkarta खाली, तर शीर्षक जमलं. उलट असेल तर घुमट शोधणारे लोक आपल्याला पाहतच नाहीत असं समजावं. या यादीची एक मर्यादा आहे, ज्या शब्दांनी कुणी आलंच नाही ते शब्द तिथे नसतात. ghumot न दिसणं म्हणजे कुणी ते शोधत नाही असं नव्हे, कदाचित आपला व्हिडिओच तिथे पोचलेला नसेल. म्हणून खात्यातून बाहेर पडून, ब्राउझरच्या खाजगी खिडकीत ते शब्द एकेक करून टाकून बघावेत आणि शोधपेटी खाली काय सुचवते तेही टिपून घ्यावं. सुचवलेल्या शब्दांत एखादं नवं रूप आलं तर ते टॅगमध्ये घालायचं आणि सगळ्यांत कमी उपयोगाचं काढायचं.

चवथीच्या ऐन दिवसांत शीर्षकाला हात लावू नये. बदललंच तर एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. विसर्जन झाल्यावर ‘चवथीच्या दिवसांत’ ही ओळ तशीच ठेवून पुढे ‘माघी गणेश जयंती आणि संकष्टीलाही’ एवढं जोडायचं, आणि पुढच्या आरतीसाठी हाच मजकूर नमुना म्हणून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा.